मदत हवी आहे: ‘जहाज बुडवा’ खेळात निर्देशक उलटे होतात

सातवीच्या मुलांना चौकटीच्या कागदावर ‘जहाज बुडवा’ खेळवतेय. दोन्ही अक्ष −५ ते ५. जहाजं चौकटीत नाही, रेघा छेदतात त्या बिंदूंवर. (हे समजवण्यातच पहिला तास गेला!)

काल एकीचा नेम होता (−२, ३). समोरच्याचं जहाज (−२, २), (−२, ३), (−२, ४) वर, पण तो (३, −२) वर बोट ठेवून म्हणाला, “हुकला!” घोळ डाव संपल्यावर कळला. दोघंही उलटं वाचत असतील तर खेळ बिनबोभाट चालतो, चूक कळतच नाही.

“दोन डावीकडे, तीन वर” असं बोलायला लावलं, तर मुलं चिन्हंच विसरली. खेळ चालू असतानाच चूक पकडता येईल असा एखादा नियम कुणी वापरलाय का?