मदत हवी आहे: पुराचे आकडे भोंग्यावरून वाचतो पण गावाला कळतच नाहीत

नदीकाठ_मिरज
नमस्कार मंडळी. मी मिरज तालुक्यातल्या नदीकाठच्या एका गावातला. पावसाळ्यात रोज संध्याकाळी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन मिनिटांची ऑडिओ टाकायची आणि तीच देवळाच्या भोंग्यावर लावायची, हे काम गेल्या वर्षीपासून माझ्या गळ्यात पडलंय. सरकारी तक्ता येतो, मी तो वाचतो. तर परवा आमची आजी म्हणाली, "एवढा वेळ वाचलंस, पण पाणी चढतंय का उतरतंय ते काय सांगितलं न्हाईस." मी म्हटलं सांगितलं की, तर तिला एकही आकडा आठवेना. मग शेजारच्या काकांना विचारलं, त्यांनाही नाही.

मी वाचतो ते असं असतं (आकडे नमुन्याला घेतलेत, खरे धरू नका):

"कोयना धरण, पाणीसाठा ९८.४६ टीएमसी, टक्केवारी ९३.५५, आवक ६१ हजार २८४ क्युसेक, विसर्ग ३२ हजार १०० क्युसेक. आयर्विन पूल पाणीपातळी, सकाळी सहा ३६.२, दुपारी बारा ३७.५, सायंकाळी सहा ३८.४."

यापुढं अजून चार धरणं. काय कमी करू, काय ठेवू? आकडा चुकवायची पण भीती वाटते, उद्या कोण म्हणायला नको की याने खोटं सांगितलं.

पाटील_एक्सेल
भावा सोपं आहे, तक्त्याचा फोटो टाक ग्रुपवर आणि शेजारी बार चार्ट कर, एक्सेलमध्ये पाच मिनिटांचं काम. रंग दे, लाल पिवळा हिरवा.

नदीकाठ_मिरज
दादा, फोटो टाकतोच की. पण भोंगा ऐकणाऱ्यांतल्या निम्म्यांकडे स्मार्टफोन नाही, असला तरी चष्मा सापडत नाही, आणि पुरात लाईट गेली की फोन पण बंद. ऐकून कळलं पाहिजे हाच प्रश्न आहे.

वाळवेकर
माझं मत, टीएमसी क्युसेक सगळं काढून टाक, फक्त टक्के सांग. "कोयना ९४ टक्के." टक्का लहान पोरालाही कळतो. आणि सगळे आकडे सरळ राऊंड करून सांगायचे, ३८.४ म्हणजे ३८, ३९.८ म्हणजे ४०.

निवृत्त_निवेदिका
वाळवेकर, निम्मं पटलं. मी बरीच वर्षं रेडिओवर शेतीचे आणि बाजारभावाचे कार्यक्रम केलेत म्हणून बोलते.

आधी राऊंडचं. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ ही धोका पातळी. पाणी ३९ फूट ८ इंचांवर असताना तुम्ही "चाळीस" म्हणालात तर गावात ओरड होणार की इशारा आला, आणि ४० फूट ५ इंचांना नुसतं "चाळीस" म्हणालात तर लोक समजणार आत्ता कुठं टेकलंय. उंबरठ्यापासून लांब असताना कितीही गोल करा, उंबरठ्याजवळ आलं की गोल करू नका. तिथं पातळीचा आकडा मागं ठेवून अंतर सांगायचं, "इशाऱ्याला चारच इंच राहिलेत". अंतर गोल करायचंच झालं तर कमीकडं करा. एक फूट आठ इंच उरलेत तर "दीड फूट राहिलं" म्हणा, "दोन फूट" नको.

आता टक्के. ९४ टक्के ऐकून वाटतं सहाच टक्के उरलेत, म्हणजे आज रात्रीच भरतंय. पण कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी आहे, त्यामुळं ते सहा-साडेसहा टक्के म्हणजे पावणेसात टीएमसीच्या वर जागा. ती किती दिवसांत भरेल ते टक्क्यात कुठंच दिसत नाही, आवक किती आणि विसर्ग किती यावर ते ठरतं. साधारण साडेअकरा हजार क्युसेक दिवसभर वाहिलं की एक टीएमसी होतं, एवढं लक्षात ठेवा. नमुन्यात आवकेतून विसर्ग वजा केला तर २९ हजार उरतात, म्हणजे दिवसाला अडीच टीएमसी साठतंय. हे स्वतःला समजण्यापुरतं, भोंग्यावर सांगायचं नाही.

वाळवेकर
का नाही? अडीचनं भागलं की पावणेतीन दिवसांत धरण फुल्ल, लोकांना तेच तर पाहिजे असतं!

निवृत्त_निवेदिका
कारण दोन तासांत दरवाजे अजून उचलले की तुमचा भागाकार गेला, आणि लोक मात्र तोच आकडा धरून झोपलेले असतात. अंदाज जलसंपदाचा असेल तर "जलसंपदा विभागानं कळवलंय" म्हणून सांगायचा. आपण झालेलं सांगायचं आणि अंतर सांगायचं.

कराडची_बाई
मी दूध संस्थेत सेक्रेटरी आहे. वार्षिक सभेत आकडे वाचले की लोक चहाला उठतात, म्हणून गेल्या वर्षी मी सगळं गोल करून सांगितलं, संकलन "दिवसाला साधारण दोन हजार लिटर", सगळ्यांना आवडलं. मग दर पण गोल करून सांगितला आणि सभेत दंगा झाला! लिटरमागं चाळीस पैसे मी गिळले म्हणे. दहा लिटर घालणाऱ्याचे ते दिवसाला चार रुपये. तेव्हापासून दराला हात लावत नाही. तुमचा विषय वेगळा आहे पण सांगावंसं वाटलं.

निवृत्त_निवेदिका
वेगळा नाही हो ताई. ज्या आकड्यानं ऐकणाऱ्याला हिशेब करायचा असतो तो तसाच द्यायचा, बाकीचे गोल.

गुरुजी_तासगाव
मी प्राथमिक शिक्षक. एक गोष्ट कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. भोंग्यावर ३९ वाचून बघा. "एकोणचाळीस". वाऱ्यात आणि पावसात पुढचं "एकोण" उडून जातं आणि गावाला "चाळीस" ऐकू येतं. म्हणजे तुम्ही बरोबर वाचलं आणि गावानं इशारा ऐकला. ४९ ची तीच गत. शिवाय बावन्न-बावीस, सत्तावन-सत्तावीस असे घोळ. २०१९ साली बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" असं आणलं तेव्हा किती वाद झाला ते आठवत असेल, मला स्वतःला तेव्हा ते आवडलं नव्हतं. पण भोंग्यासाठी मात्र तेच बरं: "एकोणचाळीस, म्हणजे चाळीसला एक कमी". "बावन्न, पन्नास आणि दोन." दोन्ही रीतींनी सांगितलं की कुठलं तरी एक पोचतं.

आणि सव्वा-दीड-पावणे जपून. आमच्या पिढीला पावणेचाळीस म्हणजे पाव कमी चाळीस हे पाठ, पण माझ्या वर्गातली पोरं चाळीसच्या वरचं पाव समजतात. पोराला विचारून आजोबा निर्णय घेणार असतील तर झालंच. दीड, अडीच आणि साडे चालतात, पावणे टाळा.

अजून एक, तुमच्या तक्त्यातलं ३८.४ म्हणजे अडतीस फूट चार इंच की अडतीस पूर्णांक चार दशांश फूट? दोन्हीत इंचाचा फरक पडतो.

नदीकाठ_मिरज
अरे बापरे, हे कधी डोक्यात आलंच नाही. मी "अडतीस पॉइंट चार" वाचत होतो.

गुरुजी_तासगाव
मागचे जुने तक्ते काढून बघा. कुठं ३७.१० किंवा ३७.११ दिसलं आणि त्यानंतर ३८.० आलं, तर ते फूट-इंच. दशांशात ३७.९ नंतर थेट ३८.० येईल. तरी खात्रीला तक्ता पाठवणाऱ्यालाच विचारा.

नदीकाठ_मिरज
बघितलं, ३७.११ आहे! फूट-इंचच. म्हणजे सकाळी सहाला छत्तीस फूट दोन इंच, संध्याकाळी अडतीस फूट चार इंच.

निवृत्त_निवेदिका
मग आता हिशेब मांडा. सकाळ ते दुपार सव्वा फूट चढलं, दुपार ते संध्याकाळ अकरा इंच. म्हणजे पाणी चढतंय पण वेग थोडा उतरलाय. आजीला हेच हवं होतं आणि ते तुमच्या तक्त्यात होतंच, फक्त वजाबाकी तिच्यावर सोडली होती. ऐकता ऐकता तीन पातळ्या लक्षात ठेवून वजाबाकी कोण करणार? कागदावर डोळा मागं फिरतो, कानाला मागं जाता येत नाही.

मी असं वाचेन:

"नदी चढतीय, पण दुपारपेक्षा हळू. आयर्विनला आत्ता अडतीस फुटांच्या वर पाणी आहे, चाळीसला दोन कमी ते अडतीस. इशारा चाळीसला, म्हणजे इशाऱ्याला दीड फूट राहिलं. सकाळपासून दोन फूट चढलंय. कोयनेत जेवढं पाणी येतंय त्याच्या साधारण निम्मं खाली सोडतायत, बाकीचं साठतंय. परत सांगतो, नदी चढतीय, इशाऱ्याला दीड फूट राहिलं. पुढचा निरोप रात्री दहाला."

आधी चढ की उतार, मग आकडा. एका वाक्यात एकच आकडा, आणि सगळ्यात जो महत्त्वाचा तो दोनदा, त्याच शब्दांत. दुसऱ्यांदा "अठरा-वीस इंच" म्हणालात तर लोकांना ती नवी बातमी वाटते. बाकीची चार धरणं ग्रुपवरच्या फोटोत राहू द्या.

वाळवेकर
क्युसेक समजावून सांगायला मी एक काढलं होतं, एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटर, म्हणजे दोन घागरी. हे घाला की.

निवृत्त_निवेदिका
एका क्युसेकला छान आहे. ३२ हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला चौसष्ट हजार घागरी, आता डोळ्यापुढं काय आलं सांगा! त्यापेक्षा "काल सोडलं त्याच्या दुप्पट" म्हणा, खरंच दुप्पट असेल तेव्हा. खरी तुलना तुमच्या गावातच आहे. आयर्विनला अमुक फूट असलं की गावात पाणी कुठं येतं, घाटाची कितवी पायरी, स्मशानभूमीचं शेड, खालच्या आळीचा पूल, हे जुन्या माणसांकडून लिहून घ्या.

हरिपूरकर
इथं एक खोच आहे. तुमचं गाव हरिपूरच्या वर की खाली? कृष्णा-वारणेच्या संगमाच्या खाली असाल तर वारणेचं पाणी वेगळं येऊन मिळतं. आयर्विनला तोच आकडा असून एका वर्षी आमच्या दारात पाणी होतं, दुसऱ्या वर्षी नव्हतं. त्यामुळं पायरीची तुलना करा पण "साधारण" म्हणा, आणि घाटावर स्वतःचा रंगवलेला खांब असला तर तोच वाचा.

आणि ते "२०१९ ला एवढं होतं" कृपा करून सांगू नका. ते सत्तावन फुटांचं पाणी आठवलं की आमच्याकडं म्हातारी माणसं रात्रभर जागतात.

कराडची_बाई
मला उलट वाटतं, २०१९ ची खूण प्रत्येकाच्या भिंतीवर आहे, त्याच्याइतकी समजणारी तुलना दुसरी नाही. "तेव्हापेक्षा अठरा फूट खाली आहे" म्हटलं तर धीरच येईल की.

हरिपूरकर
धीर येतो आणि माणूस जनावरं सोडायची थांबतो, तो पण अनुभव आहे ताई.

नदीकाठ_मिरज
घरात आजीला नमुना वाचून दाखवला, भिंतीपलीकडून, मध्ये टीव्ही चालू ठेवून. मग विचारलं काय ऐकलंस. म्हणाली, "चढतंय, हळू चढतंय, दीड फूट राहिलंय." अडतीस आठवला नाही, पण त्याचं एवढं काही नाही असं मला आता वाटतंय. वर तिनंच विचारलं, "दीड फूट राहिलंय म्हंजे म्हशी आत्ता सोडायच्या का उद्या?"

याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. हे भोंग्यावर मी सांगायचं की सरपंच-तलाठ्यांनी? आणि वरच्या दोघांचं २०१९ वरून जमत नाहीये, अजून कोणाच्या गावात ती तुलना वापरून बघितलीय का, लोक काय म्हणाले?