आधी येणाऱ्या ‘टेल’ला शेपूट म्हणावं का?

मृण्मयी_ध
अकरावी-बारावीच्या मुलांसाठी प्रोग्रॅमिंगचे धडे मराठीत लिहिते आहे. आता फंक्शनल ग्राफवर आले आहे: प्रत्येक बिंदूतून एकच बाण निघतो, आणि बाणामागून बाण चालत राहिलं की कधीतरी आपण गोल फिरू लागतो.

मुलांना ओळखीचं म्हणून १ भागिले २८ हा भागाकार घेतला. बाकीला १० ने गुणायचं, २८ ने भागायचं, उरेल ती पुढची बाकी. १ पासून निघालं की १०, १६, २०, ४, १२, ८, २४ आणि पुन्हा १६. तिथून तेच सहा आकडे फिरत राहतात. १ आणि १० मात्र परत कधीच येत नाहीत. उत्तरातही हेच दिसतं: ०.०३ आणि मग ५७१४२८ पुन:पुन्हा.

या १ आणि १० च्या भागाला इंग्रजीत टेल म्हणतात. मी ‘शेपूट’ लिहिलं. धडा तपासणाऱ्या सरांनी ते खोडून समासात लिहिलं, “शेपूट मागे असते, हे तर आधी येते.” त्यांचं म्हणणं मला पटलं, पण दुसरा शब्द सुचत नाही. काय लिहू?

जुनी_वही
फलनाच्या आलेखाला ‘पुच्छ’ हा शब्द चांगला रुळलेला आहे. वक्र अक्षाच्या जवळजवळ जात लांबवर पसरतो, तो भाग म्हणजे पुच्छ. संख्याशास्त्रात आम्ही तेच शिकवत होतो. शेपूट हा शब्द वर्गात बरा दिसत नाही.

बाकी_उरली
जुनी_वही, तुम्ही म्हणता तो आलेख वेगळा. तो क्ष आणि य अक्षांवरचा वक्र. इथे अक्षच नाहीत, नुसते ठिपके आणि बाण आहेत. मृण्मयीताई, म्हणूनच धड्यात ‘फलनाचा आलेख’ असं कुठेही लिहू नका. मुलं वहीत लगेच दोन अक्ष काढतील. ‘फंक्शनल ग्राफ’ तसंच राहू द्या.

आता शेपटाकडे. हा भाग मुळात का येतो, ते आधी बघू. तुमच्याच उदाहरणात १० नंतर १६ येते आणि २४ नंतरही १६ येते. १०० ला २८ ने भागलं तरी बाकी १६, २४० ला भागलं तरी १६. दोन बाण एकाच ठिकाणी येऊन मिळाले. त्यातला एक चक्रातून आला, दुसरा बाहेरून. बाहेरून आलेली वाट म्हणजे तुमची टेल. २८ ऐवजी ७ घ्या: १, ३, २, ६, ४, ५ आणि पुन्हा १. इथे कुठल्याही दोन बाक्या एकाच बाकीवर येत नाहीत, म्हणून शेपूटच नाही, निघालो तिथेच परत. २८ मध्ये २ हा अवयव दोनदा आहे आणि १० शी त्याचं नातं आहे, म्हणून दोन पायऱ्यांचं शेपूट.

म्हणजे त्या शब्दातून ‘मिळणे’ दिसायला हवं. माझ्या मते ‘वाट’ किंवा ‘प्रवेशवाट’. चक्रातल्या ज्या बिंदूत ती शिरते, तो ‘प्रवेशबिंदू’.

तीनताल
मी तबला शिकवते. आमच्याकडे याला तयार शब्द आहे. चक्राला आवर्तन म्हणा, प्रवेशबिंदूला सम, आणि समेवर घेऊन येणाऱ्या तुकड्याला मुखडा. मुलांना ऐकूनही कळेल.

बाकी_उरली
‘आवर्तन’ मला फार आवडलं. पाठ्यपुस्तकातही ‘अखंड आवर्ती दशांश’ आहेच, म्हणजे मुलांच्या कानाला सवय आहे. पण ताई, मुखडा तर दर आवर्तनात पुन्हा येऊ शकतो ना? तो आवर्तनाच्या आतच असतो. इथला १ आणि १० एकदाच येतात आणि संपतात. पुन्हा न येणं हाच त्यांचा गुण.

तीनताल
हो, मुखडा आतच असतो, त्या मात्रा आवर्तनाच्याच. तरी ऐकणाऱ्याला तो ‘समेकडे नेणारा’ म्हणूनच जाणवतो. समेचं माझं म्हणणं मी सोडत नाही. ‘प्रवेशबिंदू’ कोरडा शब्द आहे.

देवळालीकर
बाकीचे भागाकार ठीक आहेत, पण आपल्या घरचं उदाहरण का घेत नाही? द. रा. कापरेकर देवळालीला शाळेत शिकवायचे. त्यांनी १९४९ मध्ये ६१७४ मांडली. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या क्रमाने आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करा, पुन्हा तेच करा. सगळ्या संख्या ६१७४ वर येऊन थांबतात. तिथे चक्र नाही, फक्त शेपूट आहे. मग शेपूट हाच मुख्य शब्द झाला, चक्र दुय्यम.

बाकी_उरली
कापरेकरांचं उदाहरण घ्यायलाच हवं, त्याबद्दल धन्यवाद. पण दोन गोष्टी. ११११, २२२२ अशा संख्या लगेच शून्यावर जातात, ६१७४ वर नाही. आणि ६१७४ वर ‘थांबणं’ म्हणजे ६१७४ चा बाण ६१७४ कडेच जाणं. तेही चक्रच, एका पायरीचं. चक्राशिवाय सुटका नाही: बिंदू मोजके आहेत आणि प्रत्येकातून बाण निघतोच, तेव्हा चालताना कधीतरी आधीचा बिंदू येणारच.

मोठं चक्र बघायचं असेल तर हीच कृती दोन अंकांवर करा. ६३ मधून ३६ वजा, २७. मग ४५, मग ०९, मग ८१, मग पुन्हा ६३. पाचांचं चक्र. आता १३ पासून निघा: ३१ मधून १३ गेले १८, ८१ मधून १८ गेले ६३. म्हणजे १३ आणि १८ ही दोन पायऱ्यांची वाट, आणि शिरकाव ६३ वर. ०९ मधला शून्य मात्र टाकायचा नाही. टाकला की ९ मधून ९ वजा होऊन शून्य येतं आणि चक्रच दिसत नाही. मुलांच्या प्रोग्रॅममध्ये ही चूक हमखास होते, कारण संगणक ०९ ला ९ च समजतो.

देवळालीकर
चार अंकांतही तसंच का? १००० मधून १ गेला की ९९९ उरतात.

बाकी_उरली
तसंच. ०९९९ धरलं तर ८९९१, ८०८२, ८५३२ आणि ६१७४. नुसते ९९९ धरले तर पुढची वजाबाकी शून्य.

सानहोजेकर
मी कामात हे रोज वापरतो, म्हणून शब्दाआधी एक विनंती: ससा-कासवाचा भाग नीट लिहा. रॉबर्ट फ्लॉइड यांच्या नावाने ती पद्धत ओळखली जाते. कासव एक पाऊल, ससा दोन.

```
k, s = f(x0), f(f(x0))
while k != s:
    k, s = f(k), f(f(s))
```

मुलाखतीला येणारी मुलं इथेच थांबतात आणि म्हणतात, भेट झाली तिथे चक्र सुरू होतं. नाही होत. ताईंच्या २८ वर चालवून बघा. सहा पावलांनी दोघं ८ वर भेटतात. चक्रात शिरायची जागा तर १६ आहे. आता कासवाला उचलून पुन्हा १ वर ठेवायचं, ससा ८ वरच, आणि दोघांनीही एकेकच पाऊल टाकायचं. कासव १०, ससा २४. कासव १६, ससा १६. ही शिरायची जागा. दोन पावलं लागली, म्हणून शेपूट दोनाचं. मग १६ पासून एक फेरी मोजली की सहा.

मृण्मयी_ध
हे दुसऱ्या फेरीत एकेक पाऊल टाकल्यावर बरोबर प्रवेशावरच का भेटतात, ते मला मुलांना सांगता येत नाही. मी ‘असं होतं’ एवढंच लिहिलं आहे.

सानहोजेकर
पहिल्या भेटीपर्यंत कासव सहा पावलं चाललं, ससा बारा. दोघं एकाच जागी आहेत, म्हणजे सशाची जास्तीची सहा पावलं म्हणजे चक्राच्या पूर्ण फेऱ्याच. आणि ती जास्तीची पावलं कासवाच्या एकूण पावलांइतकीच आहेत. तेव्हा ८ वर उभा असलेला ससा म्हणजे सुरुवातीपासून पूर्ण फेऱ्यांइतकी पावलं चाललेला गडी. तो शेपटाइतकी पावलं आणखी चालला तर शेपूट अधिक पूर्ण फेऱ्या, म्हणजे प्रवेशबिंदूच. कासवही १ पासून तेवढ्याच पावलांत तिथे येतं.

भाषा_सांभाळा
इतकी चर्चा झाली, पण मूळ प्रश्नाला उत्तर नाही. फंक्शनल, ग्राफ, टेल, सगळं इंग्रजी ठेवायचं असेल तर धडा मराठीत कशाला? ‘पूर्वमार्ग’ आणि ‘आवर्तन’ लिहा. दोन्ही अर्थ सांगतात, दोन्ही शब्दांची घडण आपली आहे.

सानहोजेकर
‘पूर्वमार्ग’ वाचून मुलगी परीक्षेला इंग्रजी प्रश्न कसा ओळखेल? आम्ही मराठीत बोलतानाही ‘टेल किती लांब आहे’ असंच म्हणतो. बोलीत आहे तोच शब्द.

भाषा_सांभाळा
तुम्ही तिथे राहून बोलता तीच बोली असं नाही. परभणीतल्या मुलीनं ‘टेल’ पाठ करायचं आणि अर्थ नंतर शोधायचा, हे मला मान्य नाही.

बाकी_उरली
‘पूर्वमार्ग’ला माझी हरकत वेगळी आहे. त्यानं वाटतं की चक्राला एकच वाट असते. त्याच २८ मध्ये ३ पासून निघा: ३०, बाकी २, मग २०. शिरकाव २० वर झाला, १६ वर नाही. ५ पासून निघालात तर २२, मग २४. शेपूट चक्राचं नसतं, सुरुवातीच्या बिंदूचं असतं. अख्खं चित्र काढलं तर चक्राला बाहेरून झाडं लागलेली दिसतात, मुळं चक्रात आणि फांद्या बाहेर. आणि ७ पासून निघालात तर १४, मग ०, आणि शून्य स्वतःकडेच. म्हणून ७ भागिले २८ हा ०.२५ असा खंडित दशांश. त्या एकाच ग्राफमध्ये दोन वेगळी चक्रं आहेत, आणि ०, ७, १४, २१ या चार बाक्या दुसऱ्या चक्राकडे कधीच जात नाहीत.

तीनताल
झाडं म्हटलंत म्हणून विचारते, मग ‘फांदी’ का नाही?

जुनी_वही
फांदीतून आणखी फांद्या फुटतात. इथे बाण उलटे आहेत, फांद्यांकडून मुळाकडे. आता मला प्रश्न कळला. मला वाटतं शेपूट ठेवायला हरकत नाही. चित्रात बघा, इंग्रजीत त्याला ग्रीक ऱ्हो अक्षराची आकृती म्हणतात, वर गोल आणि खाली लोंबणारा भाग. आपला १ सुद्धा तसाच आहे. चित्रात ते शेपूटच दिसतं, चालण्याच्या क्रमात आधी आलं तरी.

भाषा_सांभाळा
मग आता पुच्छ नको का?

जुनी_वही
पुच्छ वक्रासाठी. इथे शेपूट.

देवळालीकर
मृण्मयीताई, बाण म्हणणार की कडा? आमच्याकडे एकजण ‘कडा’ लिहितो तेव्हा मला सह्याद्रीचा कडा आठवतो. आणि ‘एक कडा’ की ‘एक कड’?

भाषा_सांभाळा
एकवचन कड, अनेकवचन कडा. सह्याद्रीचा तो पुल्लिंगी कडा, त्याचं अनेकवचन कडे.

सानहोजेकर
दिशा असेल तर बाणच बरा. कड दोन्हीकडून सारखी वाटते.

मृण्मयी_ध
बाण ठेवते. शेपटाचं सरांशी पुन्हा बोलते, त्यांना ३ पासूनची वाटही दाखवते. देवळालीकर, दोन अंकी कापरेकर पहिल्या पानावर घेते आहे, ०९ सकट.