शब्दचर्चा : पाकोळीला ऐकू येतो तो ‘प्रतिध्वनी’च का?

शिक्षिका, कोथरूड : नववीच्या वर्गात ध्वनी शिकवताना मी सांगितले की, प्रतिध्वनी स्पष्ट ऐकू येण्यासाठी अडथळा किमान 17 मीटर दूर असावा लागतो. त्यावर एका मुलीने विचारले, “मग वटवाघूळ हातभर अंतरावरचा किडा प्रतिध्वनीवरून कसे पकडते?” मला उत्तर देता आले नाही. येथे ‘प्रतिध्वनी’ हा शब्दच चुकीचा आहे का? ‘परावर्तित ध्वनी’ म्हणावे का?

शब्दवेडा : शब्द बरोबरच आहे. वटवाघळाचा आवाज श्राव्यातीत, म्हणजे 20,000 हर्ट्झच्या वरचा असतो. असा आवाज साध्या आवाजापेक्षा लवकर जाऊन परततो, म्हणून 17 मीटरची अट त्याला लागत नाही.

निशाचर : श्राव्यातीत हे खरे, परंतु हवेत त्याचा वेगही सेकंदाला सुमारे 340 मीटर एवढाच असतो. उंच स्वराचा लाभ वेगळा आहे. 45 किलोहर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी साधारण साडेसात मिलिमीटर भरते, त्यामुळे बारीक किड्यावरूनही तो परततो. मात्र असा आवाज हवेत लवकर विरतो आणि लहान किड्याची चाहूल काही मीटरांपलीकडे लागत नाही.

17 मीटरचा आकडा प्रतिध्वनीचा नसून आपल्या श्रवणाचा आहे. ऐकलेल्या ध्वनीची संवेदना आपल्याकडे सुमारे 0.1 सेकंद टिकते आणि तेवढ्या वेळात ध्वनी 17 मीटर जाऊन परत येतो. पाकोळीपुढची, म्हणजे किडे खाणाऱ्या लहान वटवाघळापुढची, अडचण निराळी आहे : तिचा स्वतःचा आवाज संपण्याआधी प्रतिध्वनी आला, तर तो त्या आवाजाखाली दबतो. समजा, ती 5 मिलिसेकंदांचा आवाज काढते आहे. किडा 3.4 मीटरवर असेल, तर प्रतिध्वनी 20 मिलिसेकंदांनी येतो आणि काही अडत नाही. पण किडा 85 सेंटिमीटरच्या आत आला, की आवाज चालू असतानाच प्रतिध्वनी कानावर येऊ लागतो. म्हणून जवळ जाताना ती प्रत्येक आवाज आखूड करत नेते आणि अगदी शेवटी तो मिलिसेकंदाहूनही लहान असतो. सुरुवातीला सेकंदाला दहाएक आवाज काढणारी पाकोळी पकडीच्या क्षणी दीडशे ते दोनशेपर्यंत पोहोचते, कारण किडा वळला तर ते तिला तत्क्षणी कळायला हवे.

मुळा-मुठेच्या काठी, दिव्याखाली घिरट्या घालणाऱ्या पाकोळ्यांचे आवाज आपल्याला ऐकू येतील इतक्या खालच्या स्वरात उतरवून ऐकवणारे यंत्र मी लावले होते. आधी सुटे ‘टप… टप…’ येते, मग ते दाटत जाते आणि अखेरीस ‘फर्र’ होऊन एकदम थांबते. एकदा मी हवेत लहान खडा उडवला, तर त्याच्यावरही ती झेपावली. तिला परत आलेल्या आवाजातून वस्तू कळते. ती खाण्याजोगी आहे की नाही, हे प्रत्येक वेळी कळतेच असे नाही.

वाड्यातले काका : आमच्या घरामागच्या झाडावर मोठी वटवाघळे लटकतात आणि संध्याकाळी इतका कलकलाट करतात की बोलणे ऐकू येत नाही. तोच आवाज सोडून ती किडे शोधतात ना? मग तो आपल्याला ऐकू येणार नाही, असे कसे म्हणता?

निशाचर : काका, ती फळे खाणारी वटवाघळे आहेत. ती डोळ्यांनी पाहून आणि वासावरून फळ शोधतात. तो कलकलाट आपापसांतला आहे. म्हणून किडे खाणाऱ्या लहान प्राण्याला मी आग्रहाने ‘पाकोळी’ म्हणतो.

काका : आमच्याकडे मात्र पाकोळी म्हणजे देवळाच्या शिखराभोवती उडणारा पक्षी.

शब्दवेडा : वेगाबद्दलची चूक मान्य. शब्दाबद्दल सुचवतो : पाकोळी घालते ती ‘साद’, परतते तो ‘पडसाद’ आणि या सगळ्या क्रियेला ‘पडसादवेध’.

शिक्षिका : जोडी सुंदर आहे, पण साद कोणाला तरी घातली जाते, येथे उत्तर देणारे कोणी नाही. शिवाय ‘निर्णयाचे पडसाद उमटले’ असेच मुलांच्या कानावर असते. ‘परावर्तित ध्वनी’चा हट्ट मी सोडते, वर्गात ‘प्रतिध्वनी’च ठेवून 17 मीटर ही माणसाच्या कानाची मर्यादा असल्याचे सांगेन, आणि आवाज संपल्यावरच प्रतिध्वनी यायला हवा, हा नियमही.

निशाचर : शेवटचे वाक्य सरसकट सांगू नका. नाकाभोवती घोड्याच्या नालेसारखी त्वचा असलेली वटवाघळे एकाच स्वरात कित्येक पट लांब आवाज काढतात आणि त्यांचा प्रतिध्वनी त्या आवाजावरच येतो. उडण्याच्या गतीमुळे परतणारा स्वर थोडा चढलेला असतो, आणि तो फरक त्यांचा कान टिपतो. तेथे वेळेऐवजी स्वराने दोन्ही वेगळे राहतात.

माझा प्रश्न मात्र उरतोच. पकडीच्या क्षणी दाटणाऱ्या त्या आवाजाला काय म्हणावे? ‘गुणगुण’ फार संथ वाटते.

काका : पतंगाचा मांजा सुटताना फिरकी करते ती ‘फरफर’ चालेल का?

शब्दवेडा : फरफर शेवटपर्यंत एकसारखी असते. हा आवाज दाटत जातो, ते त्यात येत नाही.