मदत हवी आहे: बँकेतलं नाव जुळत नाही म्हणून ॲपचं पेमेंट अडकलंय

टॉवेलवाला_सोलापूर
बायकोच्या नावावर जीएसटी काढून ॲपवर टॉवेल-नॅपकिन विकतो. ऑर्डरी रोज निघतात, पैसे मात्र होल्डवर. स्क्रीनवर `Beneficiary name mismatch` येतं. पॅन, आधार, जीएसटीवर सासरचं आडनाव आहे. बँक खातं लग्नाआधीचं, माहेरच्या नावाचं. पासबुकाचा फोटो टाकला, तोही रिजेक्ट. इकडे कारखानदार उधारीसाठी रोज फोन करतोय. माझं खातं जोडलं तर चालेल का?

अक्कलकोट_रोड
एवढं काय त्यात ओ. फर्मच्या नावानं करंट खातं काढा, विषय संपला.

सुईदोरा
माझंही अडकलंय! गिऱ्हाइकानं वापरलेली चादर परत पाठवली आणि ॲपनं पैसे कापले. कुठं तक्रार करायची?

हिशेबनीस
सुईदोराताई, तुमचं रिटर्नचं प्रकरण आहे, वेगळा धागा काढा.

टॉवेलवाले, तुमचं खातं जोडू नका. जीएसटी वहिनींच्या पॅनवर आहे, ॲप कापतं तो टीडीएसही त्याच पॅनवर जमा होतो. तुमचं नाव तर अजिबातच जुळणार नाही.

पासबुकाचा फोटो सहसा निर्णायक नसतो. ॲप खात्यात एक रुपया टाकतं आणि बँकेच्या सिस्टीममधून जे नाव परत येतं ते जीएसटीवरच्या लीगल नावाशी ताडून बघतं. करंट खात्याचा सल्ला अर्धा बरोबर आहे. त्या खात्यावरून फर्मचं नाव परत येतं. ते जीएसटी सर्टिफिकेटवर ट्रेड नेम म्हणून असेल आणि ॲप ट्रेड नेम धरत असेल, तरच जुळेल. तिथं नुसतं वहिनींचं नाव असेल तर पुन्हा हेच.

त्यापेक्षा विवाह नोंदणीचा दाखला, पॅन, आधार घेऊन शाखेत जा आणि नाव बदलून घ्या. ग्राहकाच्या नोंदीत आणि खात्याच्या नावात, दोन्हीकडे बदललं का ते काउंटरवरच विचारा. बऱ्याचदा एकच बदलतात.

टॉवेलवाला_सोलापूर
दादा, शाखेत जाऊन आलो. पासबुकावर नवं नाव छापून मिळालं. आता ॲपवर परत टाकू?

हिशेबनीस
थांबा. आधी तुमच्या स्वतःच्या नेटबँकिंगमधून वहिनींचं खातं एनईएफटीसाठी जोडून बघा. एप्रिल 2025 पासून पैसे पाठवण्याआधी समोरच्याचं नाव दिसण्याची सोय आहे. काय दिसतंय?

टॉवेलवाला_सोलापूर
अजून माहेरचंच!

हिशेबनीस
मग नोंद अर्धीच झालीय. त्या स्क्रीनचा प्रिंट शाखेत दाखवा. नवं नाव दिसेपर्यंत ॲपवर काही टाकू नका, सारखं फेल झालं तर काही ॲप बँक तपशील बदलणंच बंद करतात.

अक्कलकोट_रोड
आणि आधी अडकलेले पैसे? ते आपोआप येतात का?

हिशेबनीस
प्रत्येक ॲपचं वेगळं. माझ्या एका पार्टीला पुढच्या हप्त्यात आले, दुसऱ्याला तिकीट टाकावं लागलं.

टॉवेलवाला_सोलापूर
सोमवारी परत शाखेत जातो. तोवर ऑर्डरी चालू ठेवू की बंद करू?