झेरॉक्सचं दुकान संपलं म्हणणाऱ्यांना एका दुकानदाराचं उत्तर

पुणेकर आयटीवाला: प्रत्येकाच्या खिशात स्कॅनर आहे, डिजिलॉकर आहे, सातबारापण फोनवर 15 रुपयांत मिळतो. तरी गल्लोगल्ली झेरॉक्सची दुकानं कशाला? ही मंडळी बदलणार नाहीत, बंदच पडणार.

कॉलेजसमोरचा झेरॉक्सवाला: दादा, हे वाचून इतका राग आला की दुकान बंद करून आधी हेच लिहायला बसलो. 2007 पासून तालुक्याच्या गावात कॉलेजसमोर दुकान आहे माझं. तेव्हा सात कॉम्प्युटरचं सायबर होतं, तासाला 20 रुपये, निकालाच्या दिवशी पोरं रस्त्यापर्यंत उभी. 2016 ला जिओ आलं आणि वर्षभरात खुर्च्या रिकाम्या झाल्या, पाच कॉम्प्युटर पडेल भावात विकले. नोट्सची झेरॉक्स पीडीएफने खाल्ली. इथपर्यंत तुमचं खरं आहे.

पण "बदलणार नाहीत" हे कुठून काढलंत? रिम मला 250 ला पडते, म्हणजे कागदच 50 पैसे, टोनर, ड्रम, दुरुस्ती धरून पान 80-85 पैशाला जातं. दोन रुपयाने दिवसाला 300 पानं काढली तर साडेतीनशे सुटतात, त्यात भाडंपण निघत नाही. म्हणून पानांवर जगणं मी कधीच सोडलं. आता पैसा आहे तो फोनमधून आलेली फाईल सरळ करण्यात.

परवाचंच सांगतो. एक पोरगा बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरायला आला. फोटो 20 ते 50 केबीत पाहिजे, सही 10 ते 20, अंगठा परत 20 ते 50, आणि हाताने लिहिलेलं डिक्लरेशन 50 ते 100. त्याने चारही गोष्टी ट्यूबलाइटखाली फोनने काढलेल्या, कागदावर स्वतःची सावली, आणि ॲपने दाबून दाबून अंगठा 20 केबीत बसवलेला, रेषाच दिसेनात, नुसता काळा डाग. चूक अशी की त्याने पूर्ण कागदाचा फोटो छोटा केला. आधी अंगठ्यापुरता भाग कापायचा, मग लांबी-रुंदी कमी करायची, क्वालिटीला हात सगळ्यात शेवटी. डिक्लरेशन त्याने सगळं कॅपिटल अक्षरात लिहिलेलं, ते चालत नाही म्हणून परत काळ्या पेनने लिहून घेतलं. 25 मिनिटं गेली, 60 रुपये घेतले, पानं निघाली फक्त दोन.

दुसरं रोजचं दुखणं म्हणजे भावाने बहिणीला, बहिणीने मला असा व्हॉट्सॲपवर फिरलेला दाखला. फाईलचं नाव `IMG-20240611-WA0007.jpg` असं असलं की मी आधीच सांगतो, प्रिंट अंधुक येणार. असा फोटो लांब बाजूला बऱ्याचदा 1600 पिक्सेलच उरतो, ए-फोरला नीट अक्षर यायला साडेतीन हजार लागतात. ज्याच्याकडे मूळ फोटो आहे त्याने तो डॉक्युमेंट म्हणून पाठवला की काम होतं. हे गिऱ्हाइकाला समजावणं हाच आता धंदा आहे. म्हणून "फाईल दुरुस्ती" चा दर मी बोर्डावर वेगळा लिहिला. आधी तो पानाच्या भावात लपवायचो आणि रोज "दोन पानांचे साठ कसे" वरून भांडणं.

पुणेकर आयटीवाला: मेहनत मान्य. पण डिजिलॉकरमधला कागद कायद्याने मूळ कागदाइतकाच चालतो, मग प्रिंट काढायचीच कशाला?

ऑफिसातली ताई: मी एका कॉलेजच्या ऑफिसात आहे, तुमचं अर्धंच बरोबर आहे दादा. बोर्डाने किंवा खात्याने स्वतः डिजिलॉकरमध्ये दिलेला कागद चालतो. पण निम्मी पोरं मार्कलिस्टचा फोटो काढून स्वतःच अपलोड करतात आणि तेच दाखवतात, त्याला तो मान नाही. आणि एका दिवशी दीडशे पोरं, प्रत्येकाचा फोन हातात घेऊन मी तपासत बसू का? म्हणून दोन सेट मागतो.

सातबारा त्रस्त: बाकी सोडा, 15 रुपयाच्या सातबाराचे 50 का घेता ते सांगा. माझ्या वडिलांकडून पीक कर्जाच्या वेळी तीन उताऱ्यांचे 150 घेतले. ही लूटच आहे.

कॉलेजसमोरचा झेरॉक्सवाला: भाऊ, शब्द जपून. सही असलेल्या उताऱ्यासाठी पोर्टलवर आधी खात्यात पैसे टाकावे लागतात, मग 15 कापले जातात. ओटीपी येत नाही, पैसे कटतात आणि जमा दिसत नाहीत, म्हातारा माणूस समोर बसलेला, गट नंबर चुकीचा सांगतो. हे सगळं कोण करतं?

सातबारा त्रस्त: पहिल्या उताऱ्याला वेळ लागतो, कबूल. दुसऱ्या-तिसऱ्याला गाव तेच, खातं तेच, दोन मिनिटांचं काम. तिन्हीला 50 कसे? आणि त्यातला एक भूलेखवरचा फुकटचा बिनसहीचा होता, बँकेने परत पाठवला. वडील 14 किलोमीटर परत आले एसटीने.

कॉलेजसमोरचा झेरॉक्सवाला: बिनसहीचा देऊन पैसे घेतले असतील तर ती फसवणूकच, त्याची बाजू मी घेणार नाही. दुसऱ्या उताऱ्याचा दर कमी पाहिजे हेपण... बरं, असेल. पण पहिल्याचे 50 मी घेतो आणि घेणार.

नव्या दुकानाची बहीण: माझ्या भावाला बसस्टँडजवळ दुकान टाकायचंय, जुनं मशीन कोणतं घ्यावं?

कॉलेजसमोरचा झेरॉक्सवाला: ताई, तुमच्या गावात ज्याचा मेकॅनिक त्याच दिवशी येतो ते घ्या. मीटर किती फिरलंय ते बघा आणि एक पूर्ण काळं पान काढून बघा. ठरावीक अंतरावर तोच पट्टा परत परत दिसला तर बऱ्याचदा ड्रम गेलेला असतो, विकणारा "फक्त साफसफाई" म्हणेल.

दोन पोरींची आई: सगळे पैशाचंच बोलताय. आमच्या इथल्या दुकानात मुलीचा फॉर्म भरायला गेले तर डेस्कटॉपवर गावभरच्या बायकांचे आधार, पासबुक, फोटो उघडे पडलेले. माझ्या मुलीचा फोटो चार महिने आधीचा, नावासकट. दुकानदाराला म्हटलं तर म्हणतो राहू द्या, पुढच्या वेळी लागेल. माझ्या मुलीचा फोटो याने का ठेवायचा?

पुणेकर आयटीवाला: व्हॉट्सॲपला डिसअपिअरिंग 24 तास लावलं की विषय संपला.

कॉलेजसमोरचा झेरॉक्सवाला: नाही संपत दादा. मेसेज जातो, पण कॉम्प्युटरवर एकदा डाउनलोड झालेली फाईल तिथेच राहते. ताई, तुमचा राग रास्त आहे. मी पण 2022 पर्यंत असंच ठेवायचो, गिऱ्हाईक परत आलं की पटकन मिळावं म्हणून. मग एका ओळखीच्या बाईंनी स्वतःचं पासबुक दुसऱ्याच माणसासमोर स्क्रीनवर बघितलं आणि मला तोंड दाखवायला जागा राहिली नाही. आता सगळं एका फोल्डरमध्ये येतं, काम झालं की गिऱ्हाइकासमोर Shift+Delete, रात्री चॅटही साफ. आधार नुसतं ओळखीसाठी पाहिजे असेल तर शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क्ड काढून देतो.

दोन पोरींची आई: आणि झेरॉक्स मशीनचं काय? त्यातही साठतं म्हणतात.

कॉलेजसमोरचा झेरॉक्सवाला: मोठ्या मशीनमध्ये हार्ड डिस्क असते, त्यात राहू शकतं. माझं मशीन सेकंडहँड आहे, आधीच्या मालकाचंही काही असेल. खरं सांगतो, हे मी आजवर तपासलं नाही. गुरुवारी मेकॅनिक येतोय, त्याच्यासमोर डिस्क पुसून घेतो.

सातबारा त्रस्त: पुसा. आणि बोर्डावर सही असलेला आणि बिनसहीचा उतारा वेगवेगळा लिहा, दरासकट. 50 मला अजून पटलेले नाहीत.