मदत हवी आहे: लो-पास फिल्टरचा कटऑफ सूत्राशी जुळेना

खानापूरचा_पोरगा
ऑप-अँपचा लो-पास फिल्टर केलाय. 10k आणि 103 कपॅसिटर. f = 1/(2πRC) ने 1.59 kHz यायला पाहिजे, पण 1 kHz लाच सिग्नल पडायलाय. उद्या लॅबमध्ये दाखवायचंय, लवकर सांगा.

निपाणी_ऑडिओ
डिस्क सिरॅमिक वापरलास काय? त्या 20 टक्के इकडेतिकडे असतात. बेळगावातून पॉलिएस्टर आण, काम झालं.

सोल्डर_काका
20 टक्के जास्त धरला तरी 1.33 kHz च्या खाली जात नाही. बाळा, सर्किट कुठाय? RC ची जोडी एक की दोन? गेन किती? 'पडायलाय' म्हणजे किती व्होल्ट?

खानापूरचा_पोरगा
दोन की ओ, सॅलन-की. दोन्ही जोड्या सेम. आउटपुट सरळ मायनस पिनला. 2 V देतोय, 1.02 kHz ला 1.41 V मिळतंय. आयसी 741.

चिकोडी७२
741 फेकून दे. TL072 घाल.

सोल्डर_काका
1 kHz ला 741 ला काही होत नाही ओ. पोरा, तुझी मापं बरोबर आहेत. गेन 1 आणि जोड्या सारख्या असल्या की हे सर्किट एकामागे एक दोन साध्या फिल्टरांसारखंच वागतं. 1.59 kHz ला पहिला 0.707 करतो, दुसरा त्याचं पुन्हा 0.707. तिथे 1 V दिसेल, बघ. म्हणून 1.41 V चा बिंदू आधीच, सूत्राच्या 0.64 पटीवर येतो.
मायनस पिनपासून ग्राउंडला 10k आणि आउटपुटपासून मायनस पिनला 5.6k लाव. गेन 1.56 होतो, कटऑफ 1.59 च्या जवळ सरकतो. फक्त तेव्हा 1.41 V शोधत बसू नको. खालच्या फ्रिक्वेन्सीला 3.12 V असेल, त्यामुळे 2.2 V कुठे येतात ते बघायचं.

निपाणी_ऑडिओ
एवढं कशाला? दोन्ही 10k काढून 6.2k घाल. कटऑफ 1.65 वर जातो, गेन बदलायला नको.

सोल्डर_काका
आकडा जुळेल, पण वळण तसंच लोळतं राहील. कटऑफच्या बरंच आधीपासून सिग्नल उतरायला लागतो. शीटवर बटरवर्थ लिहिलंय काय?

खानापूरचा_पोरगा
नुसतं 'सेकंड ऑर्डर' लिहिलंय. 1.59 kHz ला खरंच 1 V आला ओ. 5.6k शोधतोय.

निपाणी_ऑडिओ
बटरवर्थ लिहिलेलं नाही ना? मग माझं चालतंय की.

चिकोडी७२
मंडळाच्या सबवूफरला 100 Hz चा असाच करायचा होता. स्पीकरच्या वायरीतच टाकला तर चालेल काय?

सोल्डर_काका
नाही ओ, तिथला करंट ऑप-अँपला झेपत नाही. हा अँप्लिफायरच्या आधी येतो. तुमच्या मिक्सरला सबचं वेगळं आउटपुट आहे काय?