मदत हवी आहे: सोसायटीच्या क्रिकेटमध्ये पोरांना अंपायरिंग कसं शिकवायचं?

कैरीपन्हं
सुट्टी लागल्यापासून आमच्या बिल्डिंगखाली रोज साडेपाचला अंडरआर्म क्रिकेट असतं, आठ ते बारा वयाची बारा-तेरा पोरं, स्टंप म्हणून दोन्हीकडे दुधाचे प्लास्टिकचे क्रेट आणि क्रीज विटेच्या तुकड्याने आखलेली. अंपायर म्हणजे बॅटिंग टीममधलं जे आउट होऊन बसलंय ते. काल माझी लेक (वय 9) उभी होती. रनआउटचा चान्स आला, बॅट अगदी रेषेवर, तिने आउट दिला तर तिचीच टीम अंगावर धावली, म्हणून तिने नॉट आउट केलं, मग फिल्डिंगवाले ओरडले की परत आउट. शेवटी बॉलवाल्याने बॉल घेतला आणि घरी गेला, खेळ खलास. ही रडत वर आली, म्हणे मी परत कधीच उभी राहणार नाही. मोठ्या माणसाने खाली जाऊन अंपायर व्हायचं हा उपाय मला नकोय, पोरांनाच जमलं पाहिजे. सुरुवात कुठून करू? आणि आउट होतं की नव्हतं?

वनटिप_वनहँड
नॉट आउट. रेष बॅट्समनची, टेनिसमध्ये लाइनवर पडलेला बॉल इन असतो तसंच. आणि शंका आली की सरळ ट्राय बॉल म्हणायचं आणि परत टाकायला लावायचं, आम्ही लहानपणी हेच करायचो, भांडण नाही तंटा नाही.

स्क्वेअरलेग
वनटिप, शंकेचा फायदा बॅट्समनला हे बरोबर, पण रेषेचं उलटं आहे. क्रिकेटमध्ये रेष बॅट्समनची नाही. बॅट किंवा पाय रेषेच्या आत, म्हणजे क्रेटच्या बाजूला जमिनीला टेकलेला हवा, नुसता रेषेवर असेल तर आउट. आत हवेत असेल तरी आउट. (एकदा आत टेकवून त्याच वेगात पुढे पळताना बॅट उचलली गेली तर 2017 पासून नाबाद, पण हे पोरांना आत्ता सांगू नका, डोकं खातील.) म्हणजे लेकीने पाहिलं ते खरं असेल तर तिचा पहिला निर्णय बरोबर होता, तिला आज सांगा.

मी बारा-तेरा वर्षं कंपन्यांच्या टेनिस बॉल मॅचेसना उभा राहतोय, माझा अंदाज असा की ती चुकीच्या जागी उभी असणार. पोरं बॉलरच्या क्रेटमागे सरळ उभी राहतात. तिथून वाइड छान दिसतो, पण रनआउट दिसत नाही, कारण बॅट आणि रेष एकामागे एक येतात, कुणी हातभर बाहेर असला तरी आत वाटतो. बॉल मारला गेला की ज्या बाजूला गेला त्याच बाजूला चार-पाच पावलं पळायचं आणि क्रीजच्या रेषेत उभं राहून थांबायचं. त्याच बाजूला अशासाठी की थ्रो समोर दिसतो, पाठीत बसत नाही. पळता पळता बघायचं नाही, डोकं हललं की रेषही हलते. आणि थ्रो आला की डोळे रेषेवर, कान क्रेटवर. प्लास्टिकचा क्रेट ठक्कन वाजतो, त्या क्षणी बॅट कुठे होती एवढंच बघायचं. मॅचआधी ठरवून टाका की बेल्स नाहीत म्हणून बॉल क्रेटला लागला किंवा बॉल असलेल्या हाताने क्रेट शिवला की विकेट पडली.

शिकवताना मॅच लावू नका. एकाला पळवा, एकाला थ्रो करायला लावा, आणि दोन अंपायर ठेवा, एक क्रेटच्या मागे, एक बाजूला रेषेत. दोघांनी न बोलता एकदम बोट वर करायचं किंवा नाही. तुम्ही मोबाइलवर स्लो मोशन घ्या आणि लगेच दाखवा. पंधरा-वीस वेळा केलं की मागे उभं राहणारा स्वतःच म्हणेल मला बाजूला जाऊ दे. पण मॅचमध्ये मोबाइल काढायचा नाही, नाहीतर दर बॉलला रिव्ह्यू मागतील.

बदलाबदलीबद्दल. अंपायरला निर्णय बदलता येतो, नियमातच आहे, फक्त लगेच बदलायला हवा. तिला एवढंच विचारायचं, तुला काही नवीन दिसलं का आवाज वाढला? दुसऱ्या अंपायरने सांगितलं की बॅट हवेत होती, तर बदल. दहा जण ओरडले म्हणून नाही. आणि अपील झालं नाही तर आउट द्यायचंच नाही, अपील झालं की मनात एक-दोन मोजून मग बोट. त्या दोन आकड्यांत पोरांचा चेहरा शांत होतो, मी पाहिलंय.

सुट्टीतला_बाबा
ठाण्याकडे नऊ वर्षांच्या मुलासाठी चांगली अकॅडमी कोणती? बॅटिंग बरी आहे पण फुटवर्क नाही.

कैरीपन्हं
दादा तुम्ही धागा चुकलात 😀

वडाखालची_बाई
मी जिल्हा परिषद शाळेत आहे, क्रिकेटचं मला कळत नाही, खो-खोचं सांगते. पाचवीच्या पोराला शिट्टी दिली की तो सगळंच बघायला जातो, खो पाठीमागून दिला का, दिशा बदलली का, आउट झाला का, आणि मग काहीच दिसत नाही. म्हणून मी एकाला एकच काम देते. तू फक्त पाठलाग करणाऱ्याचे पाय आणि मधली पट्टी बघ, पट्टीला पाय लागला की शिट्टी, बाकी जग बुडालं तरी चालेल. आठवडाभराने दुसरं काम. आणि आमच्याकडे घरी रुसून बसणारे फार, त्यांना आधी गुणलेखक करते, वही हातात असली की कुणी ओरडत नाही.

वनटिप_वनहँड
रेषेचं माझं चुकलं, मान्य, चाळीस वर्षं चुकीचं खेळलो म्हणायचं. पण बॅटिंग टीमचाच अंपायर असेल तर पोर कितीही शिकवा, मित्राला आउट देणार कसं? मोठा माणूसच हवा.

स्क्वेअरलेग
मुद्दा खरा आहे. कसोटीतसुद्धा यजमान देशाचेच अंपायर असायचे, 1986 ला लाहोरला पाकिस्तान-वेस्ट इंडिज कसोटीला आपले पिलू रिपोर्टर आणि व्ही. के. रामस्वामी मुद्दाम बोलावले होते, त्रयस्थ म्हणून. बारा पोरांत त्रयस्थ कुठून आणणार? दोन ठेवा, बॉलरकडे बॅटिंगवाला, लेगला फिल्डिंगवाला. एक फिल्डर कमी होतो हे मान्य.

कैरीपन्हं
अपडेट. शनिवारी ड्रिल केलं. पहिल्या सात-आठ रनआउटमध्ये क्रेटमागच्या पोराने तीन चुकीचे दिले, बाजूच्याने एक. मोबाइलवर बघून पोरं हसून लोळत होती. लेक उभी राहायला तयार झाली, पण वडाखालच्या ताईंचं ऐकून तिला फक्त ओव्हरचे बॉल मोजायला दिले, खिशात सहा गोट्या, एकेक दुसऱ्या खिशात. तिसऱ्या ओव्हरनंतर स्वतःच म्हणाली रनआउट पण मीच बघते. आज एक दिला, तिच्याच टीमचा. आरडाओरड झाली, तिने बोट तसंच वर ठेवलं, जरा जास्तच वेळ ठेवलं 😀

लेगला फिल्डिंगवाला मात्र जमत नाहीये, कुणालाच फिल्डिंग सोडायची नाही. आणि एक राहिलंच, आमच्याकडे साडेचार वर्षांचा एक कच्चा लिंबू आहे, त्याला आउट धरत नाहीत. आज दुसऱ्याने मारलेल्या बॉलवर तो नॉन-स्ट्रायकर म्हणून अर्ध्या पिचवर उभा राहिला आणि त्याच्याकडच्या क्रेटवर थ्रो लागला. लेकीने माझ्याकडे बघितलं आणि मलाच काही सुचलं नाही.

वनटिप_वनहँड
कच्चा लिंबू आउट नाही. रन पण नाही.

वडाखालची_बाई
मग त्याला पळायलाच का लावता? एका बाजूला बसवा.

स्क्वेअरलेग
तो बसेल का पण?